ड्रॉइंग ते जी-कोड: लहान सीएनसी राउटरवर पहिलं पॉकेट आणि पहिलं प्रोफाइल

ड्रॉइंगमध्ये आपण वस्तूच्या कडा काढतो. मशीनला कडा ठाऊक नसतात. कटरचा मध्य कुठून कुठे, किती वेगाने न्यायचा, एवढंच त्याला जी-कोड नावाच्या आज्ञांतून सांगता येतं. कड आणि कटरचा मध्य यांच्यात कटरच्या त्रिज्येएवढं अंतर असतं. ते रेघेच्या कुठल्या बाजूला सोडायचं, शून्य कुठे धरायचं आणि आधी काय कापायचं, हे आपण ठरवायचं असतं. शिकणाऱ्यांचा माल वाया जातो तो बहुतेक वेळा यांपैकी एखादी गोष्ट न ठरवता सॉफ्टवेअरवर सोडल्यामुळे. म्हणून इथे एकच साधा तुकडा घेऊन तो ड्रॉइंगपासून कापून मोजेपर्यंत नेऊ.

तुकडा म्हणजे एक उथळ ट्रे. बाहेरचं माप १०० × ६० मिमी. चारही बाजूंनी १० मिमी काठ सोडून आत ८० × ४० मिमीचं, ५ मिमी खोल पॉकेट, म्हणजे आरपार न जाणारा खळगा. माल ९ मिमीचा एमडीएफ. कटर ३ मिमी व्यासाचा, दोन धारांचा, सपाट तोंडाचा एंड मिल. मशीन ग्रबल कंट्रोलरवर चालणारं छोटं राउटर. सॉफ्टवेअर फ्रीकॅड, फ्यूजन, एस्टलकॅम, कार्बाइड क्रिएट यांपैकी कुठलंही चालेल. बटणांची नावं आणि जागा बदलतात, पण प्रत्येक सॉफ्टवेअर विचारतं तेच प्रश्न.

## ड्रॉइंग आधी साफ करा

ट्रेसाठी ड्रॉइंगमध्ये फक्त दोन बंद आकृत्या हव्यात: बाहेरचा आयत आणि आतला आयत. मापांच्या रेघा, मध्यरेषा, नाव-गाव लिहिलेली चौकट हे सगळं वेगळ्या लेयरवर टाका किंवा डीएक्सएफ काढण्याआधी पुसून टाका. सॉफ्टवेअरला मापाची रेघही कापायची रेघच वाटते.

आतल्या आयताचे कोपरे टोकदार ठेवू नका. ३ मिमीचा कटर आतल्या कोपऱ्यात १.५ मिमीपेक्षा लहान त्रिज्या काढूच शकत नाही, मग ड्रॉइंगमध्ये काहीही असो. त्रिज्या नेमकी १.५ ठेवली तरी कटर कोपऱ्यात जाऊन थबकतो आणि तिथून एकदम काटकोनात वळतो. त्या क्षणी तो दोन्ही भिंतींना घासतो, थरथरतो आणि भिंतीवर उभे ओरखडे उठतात. म्हणून त्रिज्या कटरच्या त्रिज्येपेक्षा थोडी मोठी, इथे २ मिमी ठेवली आहे. कटरचा मध्य मग अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीवरून वळतो आणि कोपरा नीट येतो. बाहेरच्या आयताचे कोपरे टोकदार राहिले तरी हरकत नाही, कारण बाहेरून वळताना कटरला जागाच जागा असते.

आता आकृती खरंच बंद आहे का ते बघा. डोळ्याला जुळलेली दिसणारी दोन टोकं प्रत्यक्षात शतांश मिलिमीटरने सुटलेली असू शकतात. अशी आकृती निवडली की पॉकेटचा पर्याय चालत नाही किंवा टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, रिकामा येतो. टोकं जोडायची आज्ञा कॅड सॉफ्टवेअरमध्ये असतेच, तीच वापरा. उलट बाजूचा दोष म्हणजे एकावर एक पडलेल्या दोन रेघा. त्या पडद्यावर एकच दिसतात, पण कटर तीच कड दोनदा कापतो. शंका आली तर रेघ निवडून पुसा. खाली दुसरी दिसली तर दोष सापडला.

एककाचा घोळ डीएक्सएफमध्ये फार होतो. फाइलमध्ये एकक लिहायची सोय आहे, पण ते लिहिलेलं असेलच असं नाही आणि लिहिलेलं वाचलं जाईलच असंही नाही. म्हणून आयात केल्यावर लगेच बाहेरची लांबी मोजा. १०० यायला हवी. २५४० आली किंवा ३.९४ आली तर मिलिमीटर आणि इंच यांची अदलाबदल झाली आहे.

शेवटी दोन्ही आकृत्या एकत्र उचलून बाहेरच्या आयताचा डावा खालचा कोपरा ० , ० वर आणा. मोठ्या ड्रॉइंगमधून कापून घेतलेला तुकडा मूळ जागेवर, म्हणजे X २४५०, Y ८७० अशा कुठेतरी बसलेला असतो. तो तसाच राहिला तर मशीनही तिकडेच निघतं आणि गॅन्ट्री, म्हणजे कटर वाहून नेणारा आडवा पूल, कडेला जाऊन आदळते.

## जाडी मोजा, मग शून्य

९ मिमी म्हणून विकला जाणारा एमडीएफ नेमका ९ असेलच असं नाही. व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजा. आपल्या तुकड्यावर ८.८ मिमी आलं असं धरू. सॉफ्टवेअरमध्ये मालाची जाडी ८.८ भरा, ड्रॉइंगमधली ९ नव्हे. पुढची प्रत्येक खोली याच आकड्यावर अवलंबून आहे.

माल १४० × १०० मिमीचा घ्या, म्हणजे तुकड्याभोवती २० मिमी पट्टा उरतो. बाहेरच्या कडेने फिरताना कटर तुकड्याबाहेर ३ मिमी जागा खातो. उरलेल्या पट्ट्यावर क्लॅम्प बसतात. मालाखाली स्पॉइलबोर्ड, म्हणजे खराब झाली तरी चालेल अशी फळी हवीच, कारण आरपार कापताना कटर थोडा खाली उतरणार आहे.

X आणि Y चं शून्य तुकड्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर, म्हणजे मालाच्या कोपऱ्यापासून २० मिमी आत. Z चं शून्य मालाच्या वरच्या पृष्ठभागावर. काही जण Z चं शून्य स्पॉइलबोर्डवर घेतात आणि आरपार कटसाठी ते अधिक खात्रीचं असतं, कारण जाडीतला फरक तळाला येत नाही. पण आपल्या ट्रेमध्ये पॉकेटची खोली महत्त्वाची आहे, ती वरून मोजली जाते, म्हणून इथे वरचं शून्य बरं. काहीही निवडा, फक्त सॉफ्टवेअरमध्ये आणि मशीनवर एकच ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये तळाचं शून्य आणि मशीनवर वरचं, असं झालं तर कटर हवा त्यापेक्षा ८.८ मिमी वर, जवळजवळ सगळा वेळ हवेतच फिरत राहतो. उलट झालं तर पहिल्याच उतारात तो मालात आणि फळीत घुसतो.

## पॉकेट आधी

पॉकेट नेहमी प्रोफाइलच्या, म्हणजे बाहेरच्या कडेने आरपार कापण्याच्या आधी. प्रोफाइल संपलं की तुकडा फक्त टॅब नावाच्या छोट्या पुलांवर उभा असतो आणि अशा तुकड्यात पॉकेट कापायला गेलं की तो हलतो.

सॉफ्टवेअरमध्ये आतला आयत निवडा, पॉकेट निवडा, खोली ५ मिमी भरा. मग दोन आकडे ठरवायचे: एका फेरीत किती खोल जायचं आणि शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये किती अंतर ठेवायचं. छोट्या राउटरची गॅन्ट्री लवचीक असते, म्हणून खोली कटरच्या व्यासाच्या निम्मी, १.५ मिमी धरा. पॉकेट चार थरांत निघेल: १.५, ३, ४.५ आणि ५. शेवटचा थर अर्ध्या मिलिमीटरचा असल्यामुळे तळ चांगला येतो. दुसरा आकडा, म्हणजे स्टेपओव्हर, व्यासाच्या ४० टक्के, १.२ मिमी. तो व्यासापेक्षा मोठा झाला तर मध्ये न कापलेल्या पट्ट्या राहतात, आणि ५० टक्क्यांच्या वर गेला की कोपऱ्यांत छोटे त्रिकोणी उंचवटे उरण्याची शक्यता वाढते.

फीडचा, म्हणजे कटर पुढे सरकवण्याच्या वेगाचा हिशोब सोपा आहे. स्पिंडलचे मिनिटाचे फेरे गुणिले धारा गुणिले प्रत्येक धारेने घ्यायचा कीस. १०,००० फेरे, २ धारा आणि दर धारेला ०.०४ मिमी धरलं तर फीड ८०० मिमी प्रति मिनिट येतो. सुरुवातीला हाच घ्या. नवीन माणूस घाबरून फीड २०० वर आणतो. ते तब्येतीला बरं वाटतं, पण धार मग कापत नाही, नुसती घासते. कड काळसर पडते, जळका वास येतो आणि कटर लवकर बोथट होतो. मशीनला झेपत नसेल तर फीड न कमी करता आधी थराची खोली कमी करा.

मालात उतरायची पद्धतही विचारली जाते. सरळ खाली भोसकण्यापेक्षा उतार बरा. आपल्या पॉकेटच्या मधोमध Y ३० वर ४० मिमी लांबीची सरळ जागा आहे. तिथे X ३० पासून X ७० पर्यंत जाताना कटर हळूहळू १.५ मिमी उतरू शकतो. मग परत येताना तो तळ सपाट करतो आणि तिथून बाहेरच्या बाजूला फेऱ्या वाढवत जातो.

राहिली दिशा. स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. पॉकेटच्या भिंतीलगत कटर घड्याळाच्या उलट दिशेने नेला तर तो क्लाइम्ब कट, सुलट दिशेने नेला तर कन्व्हेन्शनल. क्लाइम्बमध्ये कटर स्वतःला पुढे ओढतो. बेल्ट ढिला असेल किंवा स्क्रूत खेळ असेल तर त्या ओढीने मशीन हिसका खातं. अशा मशीनवर कन्व्हेन्शनल ठेवा. घट्ट मशीनवर क्लाइम्बने भिंत स्वच्छ येते.

## प्रोफाइल: रेघेच्या कोणत्या बाजूने

आता बाहेरचा आयत निवडून प्रोफाइल निवडा. इथे सॉफ्टवेअर विचारेल: आतून, बाहेरून की रेघेवर? आपल्याला `Outside`, म्हणजे बाहेरून हवं. रेघेवर कापलं तर प्रत्येक बाजूला १.५ मिमी जाऊन तुकडा ९७ × ५७ होईल. आतून कापलं तर ९४ × ५४. कापलेल्या तुकड्याचं माप नेमक्या एका व्यासाने किंवा दोन व्यासांनी कमी आलं, तर दुसरं काही शोधत बसू नका, बाजू चुकलेली आहे.

तपासायची सोपी खूण म्हणजे टूलपाथमधले टोकाचे आकडे. बाहेरून कापताना कटरचा मध्य X मध्ये -१.५ ते १०१.५ आणि Y मध्ये -१.५ ते ६१.५ एवढाच फिरायला हवा. पॉकेटमध्ये तो X ११.५ ते ८८.५ आणि Y ११.५ ते ४८.५ यांच्या आत राहायला हवा. या चारही जोड्या कागदावर लिहून ठेवा, जी-कोड तपासताना लागतील. बऱ्याच मोठ्या मशीनवर हा ऑफसेट कंट्रोलर स्वतः टाकतो, पण ग्रबलमध्ये `G41` आणि `G42` नाहीत. ऑफसेट जी-कोडमध्येच पक्का बसलेला असतो. म्हणजे ३ ऐवजी ३.१७५ मिमीचा कटर लावला तर जुनी फाइल चालवायची नाही, नवी काढायची.

खोली ९.० भरा. मालाचे ८.८ आणि स्पॉइलबोर्डात ०.२. दीड-दीड मिलिमीटरचे बरोबर सहा थर होतात. आधी कटरची धार किती लांब आहे तेही बघून घ्या. ती ९ मिमीपेक्षा जास्त हवी, नाहीतर शेवटच्या थरात वरचा गुळगुळीत दांडा मालाला घासून जाळतो.

टॅब म्हणजे तुकड्याला पट्ट्याशी धरून ठेवणारे छोटे पूल. ते नसतील तर शेवटच्या फेरीत तुकडा सुटतो, फिरणाऱ्या कटरमध्ये अडकतो आणि उडतो किंवा कटर मोडतो. लांब बाजूंवर एक-एक आणि आखूड बाजूंवर एक-एक असे चार पुरेत. कोपऱ्यावर ठेवू नका, तिथे घासून काढणं त्रासाचं. उंची १.५ मिमी.

टॅबच्या रुंदीत एक मेख आहे आणि ती कुणी सांगत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही भरलेली रुंदी ही कटरचा मध्य जेवढ्या अंतरात वर उचललेला राहतो ती असते. पण कटर दोन्ही बाजूंनी आपल्या त्रिज्येएवढं खातो. ५ मिमी भरलं तर ३ मिमी कटरने प्रत्यक्षात उरतो फक्त २ मिमीचा टॅब. ३ मिमी भरलं तर काहीच उरत नाही, जरी पडद्यावर टॅब ठळक दिसत असला तरी. तुमचं सॉफ्टवेअर काय करतं ते जी-कोडमध्ये दिसतं. शेवटच्या थरात Z -९ वरून -७.३ वर उचलला जाईल आणि काही अंतराने परत उतरेल. त्या दोन जागांमधलं अंतर घ्या, त्यातून ३ वजा करा, उरेल ती खरी रुंदी. ती ३ मिमीच्या आसपास हवी.

## फाइल मशीनला देण्याआधी वाचा

पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचा कंट्रोलरला कळेल असा जी-कोड करणारा भाग, निवडताना ग्रबलचा आणि मिलिमीटरचा घ्या. दुसऱ्या कंट्रोलरचा निवडला तर फाइलमध्ये `M6` किंवा `G81` सारख्या ग्रबलला न समजणाऱ्या आज्ञा येतात आणि तो `error:20` देतो. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवात साधारण अशी दिसली पाहिजे:

```
G21
G90
G17
G54
G0 Z15
M3 S10000
G4 P3
G0 X30 Y30
G0 Z1
G1 Z0 F200
G1 X70 Z-1.5 F400
G1 X30 F800
```

`G21` म्हणजे मिलिमीटर, `G90` म्हणजे आकडे शून्यापासून मोजायचे. `G54` म्हणजे आपण मालावर घेतलेलं शून्य. मग सगळ्यात आधी Z वर गेला पाहिजे, X-Y ची कुठलीही हालचाल त्यानंतर. `Z15` इथे मुद्दाम मोठा आहे. क्लॅम्पचा माथा मालाच्या वर १० मिमी असेल आणि फाइलमध्ये `Z5` असेल, तर कटर पहिल्याच धावेत क्लॅम्पवर आदळेल. `M3` ने स्पिंडल सुरू होतो आणि `G4 P3` मुळे त्याला वेग घ्यायला तीन सेकंद मिळतात. ग्रबलमध्ये P सेकंदांत मोजतात. मार्लिन या दुसऱ्या कंट्रोलरवर तोच P मिलिसेकंदांत असतो आणि स्पिंडल फिरण्याआधीच कटर मालात उतरू शकतो. स्पिंडलचा वेग हाताने फिरवायच्या बटणावर असेल तर `S` ला अर्थ नाही, बटण आधी फिरवून ठेवा.

सुरुवातीला किंवा शेवटी `G28` दिसला तर थांबा. तो मशीनला आधी साठवलेल्या जागी पाठवतो. होमिंग स्विच नसलेल्या छोट्या मशीनवर ती जागा कुठे आहे याला काही धरबंध नसतो. ती ओळ काढून टाका आणि शेवटी नुसता Z वर उचला, मग `M5` आणि `M2`.

आता पॉकेटची भिंतीलगतची शेवटची फेरी शोधा. क्लाइम्ब निवडला असेल तर ती अशी येते:

```
G1 X88 Y11.5
G3 X88.5 Y12 I0 J0.5
G1 Y48
G3 X88 Y48.5 I-0.5 J0
G1 X12
G3 X11.5 Y48 I0 J-0.5
G1 Y12
G3 X12 Y11.5 I0.5 J0
```

मघाशी लिहून ठेवलेले ११.५, ८८.५ आणि ४८.५ इथे जसेच्या तसे दिसतात, आणि कोपऱ्यातली अर्ध्या मिलिमीटरची कमानही. `I` आणि `J` म्हणजे कमानीच्या सुरुवातीपासून तिच्या केंद्रापर्यंतचं अंतर. काही पोस्ट प्रोसेसर तिथे केंद्राचे थेट आकडे, म्हणजे `I88 J12` असं लिहितात. ग्रबल ते मानत नाही. मग `error:33` येतो किंवा कमान भलतीकडेच निघते. ही फेरी आकड्यांनी पटली की उरलेली फाइल बहुधा बरोबर असते, कारण ऑफसेट, एकक आणि शून्य तिन्ही एकाच ठिकाणी तपासले जातात.

## मशीनवर

माल क्लॅम्पने पक्का बसवा. Z चं शून्य घेताना मालावर कागदाचा तुकडा ठेवा, कटर दशांश-दशांशाने खाली आणा आणि कागद सरकताना अडायला लागला की थांबा. साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तेवढं धरून शून्य लावा.

पहिल्यांदा हवेत चालवा. Z चं शून्य तात्पुरतं २० मिमी वर घ्या, स्पिंडल बंद ठेवा आणि पूर्ण फाइल बघा. फाइलमधला `M3` स्पिंडल सुरू करत असेल तर त्याची वीजजोडणी काढून ठेवा. कटर पॉकेटमध्ये आतल्या आत फिरतो का, प्रोफाइलच्या वेळी क्लॅम्पपासून दूर राहतो का, एवढं बघायचं. मग शून्य परत मालावर आणा आणि ते खरंच परत आलं आहे याची कागदाने पुन्हा खात्री करा.

कापताना डोळ्यांना चष्मा, नाकाला धुळीचा मास्क आणि कटरजवळ व्हॅक्यूम. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि ती नाकातोंडात जाता कामा नये. ग्रबलला `!` पाठवला की फीड जागीच थांबतो, पण स्पिंडल फिरतच राहतो, हे लक्षात ठेवा. काही आदळलं तर इमर्जन्सी बटण. म्हणून एक हात त्याच्याजवळच हवा.

आवाजावरून बरंच कळतं. कापण्याचा आवाज एकसारखा हवा. कोपऱ्यात तो किंचाळला तर थर खोल आहे किंवा कॉलेट, म्हणजे कटर धरणारी पकड, ढिला आहे. प्रोफाइलच्या खालच्या थरांत आवाज जड होत गेला तर अरुंद खाचेत भुसा साचतो आहे. फाइल थांबवून खाच साफ करा, मग पुढे चालवा.

## तुकडा मोजा

टॅब कापून, घासून झाले की कॅलिपर घ्या आणि दोन मापं घ्या: बाहेरची लांबी आणि पॉकेटची लांबी. बाहेरचं माप टॅब नसलेल्या जागी घ्या. दोन्ही एकत्र वाचली की दोष कुठे आहे ते कळतं.

बाहेरची लांबी ९९.८५ आणि पॉकेटची ८०.१५ आली, म्हणजे एक कमी आणि दुसरी तेवढीच जास्त, तर कटर प्रत्यक्षात ३.१५ मिमी रुंद कापतो आहे. कॉलेटमध्ये थोडा डोल असला की असं होतं. कॉलेट साफ करून कटर पुन्हा बसवा. फरक तसाच राहिला तर सॉफ्टवेअरमध्ये कटरचा व्यास ३.१५ भरा आणि दोन्ही टूलपाथ नव्याने काढा. पॉकेटचे कोपरे २ मिमीचे असल्यामुळे तिथे काही बदलावं लागत नाही.

दोन्ही मापं एकाच दिशेने चुकली, म्हणजे बाहेरचं सुमारे १०१ आणि पॉकेटचं सुमारे ८०.८, तर कटरचा दोष नाही. मशीनला एक मिलिमीटर सांगितला की ते थोडं जास्त सरकतं. ग्रबलमध्ये X साठी `$100` आणि Y साठी `$101` हे आकडे दुरुस्त करायचे. मशीनला लांब अंतर, म्हणजे २०० मिमी सरकवा, खरं किती सरकलं ते मोजा, आणि जुन्या आकड्याला २०० ने गुणून मोजलेल्या अंतराने भागा. हे टूलपाथमध्ये व्यास बदलून सुधारायला जाऊ नका. बाहेरचं माप जुळेल आणि पॉकेट आणखी बिघडेल.